४०० केसिंग, २१ ऑगस्ट आणि एकदाच मागायची मुदत

शिरोली एमआयडीसीतला एक मध्यम कारखाना आहे असं धरू. मागच्या शेडमध्ये फौंड्री, पुढे मशीन शॉप. चाकणच्या पंप बनवणाऱ्या कंपनीची ४०० पंप केसिंगची ऑर्डर हातात आहे. बिडाचं ओतकाम, नग सुमारे १८ किलोचा, मशीनिंगसह दर २,८०० रुपये. पीओवर, म्हणजे खरेदीच्या लेखी ऑर्डरवर, तारीख शुक्रवार, २१ ऑगस्ट. प्रकरण नमुन्याचं आहे, पण यातली प्रत्येक अडचण कोल्हापुरातल्या ओतकाम करणाऱ्याला ओळखीची वाटेल.

बुधवारी, ५ ऑगस्टच्या संध्याकाळी मशीन शॉपमधून निरोप येतो की गॅस्केट बसतो त्या तोंडावर ब्लो होल, म्हणजे गॅसची भोकं, निघतायत. तोपर्यंत १२० नगांचं मशीनिंग झालंय आणि त्यातले ३४ बाद झालेत. आणखी १०० नग ओतून, फेटलिंग म्हणजे साफसफाई करून मशीनची वाट पाहत पडलेत. ते त्याच कोअरवर, म्हणजे नगाची आतली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्यावर ओतलेले, म्हणजे त्यांच्या पोटातही हेच असणार. ओतीव नगाचा हा दोष फसवा असतो. वरून नग गुळगुळीत दिसतो, शॉट ब्लास्टिंगनंतरही काही कळत नाही, आणि दोन-अडीच मिलिमीटरचा पहिला कट गेला की टाचणीच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात.

आता २१ तारीख गाठता येणार नाही हे मालकाला त्याच रात्री कळतं. प्रश्न असतो तो ग्राहकाला कधी, कोणत्या शब्दांत आणि काय हातात घेऊन सांगायचं याचा.

लगेच सांगावं की कारण कळल्यावर

इथे दोन चुका समोरासमोर उभ्या असतात. त्याच रात्री फोन करून ‘आठवडाभर वाढवून द्या’ म्हटलं, तर तो आठवडा कुठून आला हे सांगता येत नाही. दोष कशामुळे आला ते माहीत नाही, पुढच्या नगांत किती बाद होतील ते माहीत नाही. अशी तारीख हमखास चुकते आणि दुसऱ्यांदा मुदत मागावी लागते. पहिली मुदतवाढ परचेसवाला सहज पचवतो, कारण त्याच्याकडे रोज कुणी ना कुणी मागतच असतं. दुसरी मागितली की त्याच्या वहीत तुमचं नाव वेगळ्या रकान्यात जातं. उलट, सगळं कळेपर्यंत थांबावं म्हटलं तर १२-१३ ऑगस्ट उजाडतो, आणि तोपर्यंत चाकणच्या प्लॅनिंगने २४ तारखेपासूनची असेंब्ली तुमच्या मालावर लावून टाकलेली असते.

यावरचा तोडगा असा की बातमी आणि तारीख एकत्र द्यायची नाही. बातमी लगेच द्यायची आणि सोबत ‘पक्की तारीख अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत लिहून देतो’ एवढाच शब्द द्यायचा. हा छोटा शब्द पाळला गेला की पुढच्या मोठ्या शब्दाला वजन येतं. अडचणीत असूनही हा माणूस सांगितलेल्या वेळी बोलतो, हे ग्राहकाला प्रत्यक्ष दिसलेलं असतं.

या प्रकरणात गुरुवारी, ६ ऑगस्टला चाकणच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी आहे. तो दिवस कारण शोधण्यात जातो. बाद नग मधोमध कापून पाहिल्यावर भोकं कोअरच्या बाजूला दाटलेली दिसतात, म्हणजे गॅस कोअरमधून आलाय. कोअर सीओटू पद्धतीचे, म्हणजे सोडियम सिलिकेट मिसळलेल्या वाळूवर कार्बन डायऑक्साइड सोडून कडक केलेले. असा कोअर दमट हवेत ओल धरतो. जुलैअखेर केलेले कोअर आठवडाभर उघड्या रॅकवर, पावसाच्या झडीत पडून होते. वितळलेलं बीड त्या ओलीवर पडलं, वाफ झाली, आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही.

शुक्रवारचा फोन

फोन परचेस अधिकाऱ्याला, सकाळी दहाच्या सुमारास. आधी क्वालिटीवाल्याशी बोलून ‘वातावरण बघू’ असं बरेच जण करतात, ते करू नये. ती बातमी दुपारपर्यंत परचेसला आडवाटेने पोचते आणि मग तुम्ही लपवत होतात असं दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मेसेज टाकणंही नको. निळ्या खुणा झाल्या म्हणजे सांगून झालं असं होत नाही.

“नमस्कार साहेब, शिरोलीहून बोलतोय. दोन मिनिटं आहेत का? केसिंगबद्दल एक अडचण आधीच कानावर घालायची होती.”

“बोला.”

“मशीनिंगमध्ये ब्लो होल निघालेत. १२० पैकी ३४ नग बाद झाले. कारण सापडलंय, आज त्यावर २० नगांची ट्रायल ओततोय, रविवारी मशीनवर चढवून बघतो.”

“म्हणजे एकवीसला माल येत नाही, असंच ना?”

“एकवीसला माल येणार साहेब, पण चारशेच्या चारशे येतील असं आज म्हणत नाही. किती येतील आणि बाकीचे कधी, ते सोमवारी दुपारी बारापर्यंत लिहून देतो. आज तारीख सांगितली तर ती अंदाजाची होईल.”

“अहो, पण मी वर काय सांगू?”

“वर सांगायला सोपं जावं म्हणून एक विचारतो. तुमच्या लाईनला रोज किती केसिंग लागतात?”

“पंचवीसेक. चोवीसपासून लाईन लावतोय.”

या संभाषणातला सगळ्यात कामाचा भाग हा शेवटचा प्रश्न आहे. पीओवर ४०० नगांची एकच तारीख असली तरी ४०० पंप एका दिवशी जुळत नाहीत. रोज २५ लागत असतील, तर पहिले २५० नग दहा कामाचे दिवस पुरतात. मधले दोन गुरुवार सुट्टीचे वगळले तर ४ सप्टेंबरपर्यंत. आता मुदतवाढीचं गणित ‘आम्हाला किती दिवस हवेत’ असं राहत नाही. ‘तुमची लाईन न थांबता उरलेला माल कधीपर्यंत आला तर चालेल’ असं ते होतं, आणि ही भाषा परचेस अधिकाऱ्याला त्याच्या साहेबांपुढे मांडता येते. काही अधिकारी रोजचा आकडा सांगत नाहीत. मग ‘पहिल्या आठवड्याला किती नग असले म्हणजे तुमचं अडणार नाही?’ असं विचारावं. त्याला उत्तर मिळतं.

तारीख कशी काढली

शुक्रवारी ओतलेले ट्रायलचे २० नग शनिवारी थंड होऊन, साफ होऊन रविवारी, ९ ऑगस्टला मशीनवर चढले. कोअर ओतायच्या आधी ओव्हनमध्ये सुमारे १५० अंश सेल्सिअसला तासभर तापवले होते, त्याच दिवशी वापरले होते आणि त्यांतल्या हवेच्या वाटा तारेने मोकळ्या केल्या होत्या. २० पैकी १ नग बाद झाला.

आता मोह होतो तो पाच टक्के धरून हिशेब करायचा. वीस नगांच्या ट्रायलवर एवढा विश्वास टाकू नये. एक ऐवजी दोन बाद झाले असते तर तोच आकडा दहा टक्के झाला असता, म्हणून हिशेबात दहाच धरले.

हातात चांगले ८६ नग आहेत. पडून असलेल्या १०० मधून आधीच्याच प्रमाणात ७२ निघतील, ट्रायलचे १९. झाले १७७. उरलेल्या २२३ साठी, दहा टक्के बाद धरून, आणखी २५२ नग ओतायचे. रोज ४२ साचे भरतात, म्हणजे सहा दिवसांचं ओतकाम. शिरोलीतली सोमवारची सुट्टी आणि १५ ऑगस्ट वगळून ते १८ तारखेला संपतं.

पण तारीख ओतकामावर ठरत नाही, ती सगळ्यात अरुंद जागेवर ठरते. इथे ती जागा व्हीएमसी, म्हणजे मशीनिंगचं संगणकावर चालणारं मशीन आहे. कागदावर दोन पाळ्यांत ३५ नग दिसतात, प्रत्यक्षात टूल बदलणं, नग बांधणं, जेवणाची सुट्टी धरून २८ निघतात. धरायचे ते प्रत्यक्षातले. शिवाय १२ तारखेला जुने नग संपलेले असतील आणि नवे अजून साफ होऊन आलेले नसतील, त्यामुळे मशीन त्या दिवशी बराच वेळ मोकळं राहील. अशी फट वेळापत्रकात दिसत नाही आणि तीच पुढे एक दिवस खाते. हे सगळं मांडल्यावर मशीनिंग २३ तारखेला संपतं. त्यानंतर पाण्याच्या दाबाची हायड्रो टेस्ट, तपासणी, प्रायमर, पॅकिंग असे दोन कामाचे दिवस. २४ ला सोमवार. म्हणजे २६ च्या रात्री ट्रक निघेल आणि २७ ला चाकणला पोचेल. पण २७ ला गुरुवार आहे, गेट बंद. तर सगळं सुरळीत झालं तरची तारीख २८ ऑगस्ट.

मागायची तारीख ही नव्हे. मशीन एक दिवस बसलं, वीज गेली, एका दिवसाचं ओतकाम बिघडलं, यातलं एक काहीतरी होणारच असं धरावं. एक घाणा बिघडला तर पुन्हा ओतून, साफ करून मशीनवर यायला तीन दिवस जातात, म्हणून निदान तेवढी सवड हवी. २७ ते ३० असे चार कामाचे दिवस सवडीला ठेवले, ३१ चा सोमवार सोडला, आणि तारीख ठरली मंगळवार, १ सप्टेंबर. त्यापुढे नेण्यात अर्थ नव्हता. एक तर ग्राहकाचे २५० नग ४ सप्टेंबरपर्यंतच पुरतात. दुसरं, सप्टेंबरमध्ये गणपती आला की निम्मी माणसं गावाकडे असतात, आणि ती तारीख कुणाच्याच हातात राहत नाही.

या टप्प्यावर फोरमन हमखास म्हणतो, “सोमवार मोडून ओढतो की मालक, होतंय एकवीसपर्यंत.” त्याच्या उत्साहाला नावं ठेवायची नाहीत, पण त्याच्यासमोरच कागदावर मांडून दाखवावं. दोन्ही सोमवार आणि १५ ऑगस्ट मोडले, मधे एकही नग अडकला नाही, तरी मशीनिंग २० ला संपतं आणि टेस्टिंगसह माल २३ ला चाकणला पोचतो. २१ कुठूनच बसत नाही. गोकुळ शिरगावातल्या दुसऱ्या शॉपकडे मशीनिंग द्यायचं म्हटलं तर फिक्स्चर एकच आहे, आणि बाहेर काम द्यायला ग्राहकाची परवानगी लागते.

दुसरा मोह याहून वाईट. भोकं मेटल पुट्टीने बुजवून, वर प्रायमर मारून आकडा भरायचा. पुट्टी हायड्रो टेस्टला एखाद्वेळी टिकते, पंप चालू झाल्यावर टिकत नाही. ओतीव नगाची दुरुस्ती किंवा इम्प्रेग्नेशन करायचंच असेल तर ते ग्राहकाच्या लेखी परवानगीने. विचारायचं असेल तर वेगळं विचारावं, मुदतीच्या पत्रात मिसळू नये.

सोमवारचं पत्र

१० ऑगस्टला शिरोलीत सुट्टी, चाकणला नाही. पत्र सकाळी साडेदहाला गेलं. मेल इंग्रजीत लिहिला तरी मांडणी हीच ठेवावी:

> विषय: पंप केसिंग ४०० नग – २५० नग २१ ऑगस्टला, १५० नग १ सप्टेंबरला, मान्यतेसाठी
>
> नमस्कार साहेब,
>
> शुक्रवारी फोनवर बोलल्याप्रमाणे पक्क्या तारखा कळवत आहे.
>
> २१ ऑगस्ट, शुक्रवार: २५० नग, हायड्रो टेस्ट आणि तपासणी अहवालासह.
> १ सप्टेंबर, मंगळवार: उरलेले १५० नग.
>
> आपण सांगितलेल्या रोजच्या २५ नगांच्या हिशेबाने पहिले २५० नग ४ सप्टेंबरपर्यंत पुरतात, त्यामुळे लाईन थांबणार नाही.
>
> कारण: कोअर साठवताना त्यांत ओल शिरली. ही साठवण आमच्याकडची आहे. ५ ऑगस्टपर्यंत तपासलेल्या १२० पैकी ३४ नग ब्लो होलमुळे बाद केले.
>
> केलेला बदल: कोअर ओतण्याआधी ओव्हनमध्ये तापवणे आणि त्याच दिवशी वापरणे. या पद्धतीने ओतलेल्या २० पैकी १९ नग चांगले निघाले. कापलेल्या नगाचे आणि ट्रायलचे फोटो सोबत जोडले आहेत.
>
> १४ आणि २५ ऑगस्टला किती नग टेस्ट होऊन तयार आहेत, तो आकडा कळवीन.
>
> वरील दोन तारखांप्रमाणे पीओत दुरुस्ती करून १२ ऑगस्टपर्यंत द्यावी, ही विनंती.

विषयाच्या ओळीत ‘मुदतवाढीबाबत’ एवढंच लिहिलं असतं तर पत्र उघडण्याआधीच नकार तयार झाला असता. इथे उघडण्याआधीच २५० नग वेळेवर येतायत हे दिसतं. २५० हा आकडाही राखून दिलेला आहे. हिशेबाप्रमाणे त्या दिवसापर्यंत २७७ चांगले नग तयार व्हायला हवेत. वरचे २७ बोलायचे नाहीत. ते कमी पडले तरी शब्द राहतो, आणि तयार झालेच तर पुढच्या ट्रकमध्ये जातात.

कारणाचा परिच्छेद सगळ्यात जास्त चुकतो. सहज हात जातो तो ‘कोल्हापुरात या दिवसांत प्रचंड पाऊस असल्याने’ या वाक्याकडे. वाक्य खोटं नाही, पण कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस असतो हे चाकणच्या माणसालाही माहीत आहे. तो मनात म्हणतो, मग पावसाळ्यातली ऑर्डर घेताना काय विचार केला होता? बाहेरचं कारण सांगून आपण सुटतो असं वाटतं, प्रत्यक्षात ‘यांची तयारी नव्हती’ असाच त्याचा अर्थ लावला जातो. ‘कोअर साठवताना ओल शिरली, साठवण आमची’ असं लिहिलं की दोष आपल्या ताब्यातल्या जागी येतो. जे आपल्या ताब्यात आहे ते आपण बदलू शकतो, आणि पुढच्याच ओळीत ते बदललेलं दिसतं. दोष मान्य करणारं वाक्य एकच असावं. तीन वेळा क्षमा मागितली की वाचणारा ‘अजून काही आहे का’ म्हणून ओळींच्या मागे शोधू लागतो.

‘शक्यतो’, ‘साधारण’, ‘प्रयत्न करतो’, ‘एक-दोन दिवस इकडेतिकडे’ हे शब्द तारखेच्या जवळपास फिरकू द्यायचे नाहीत. बोलताना ते सवयीने येतात आणि बोलताना चालतातही. लेखी आले की परचेसवाला आपल्या मनाने तारीख आणखी आठवडाभर पुढे धरतो, आणि मग दुसरा पुरवठादार बघायला लागतो.

पीओ दुरुस्तीची शेवटची ओळ काही जणांना आगाऊपणाची वाटते. ती गाळू नये. परचेस अधिकारी फोनवर “ठीक आहे, पाठवा” म्हणतो आणि मनापासून म्हणतो. पण कंपनीच्या संगणकात तारीख २१ ऑगस्टच राहते, आणि पुरवठादाराचं वेळेवर माल देण्याचं गुणांकन संगणक त्या तारखेवरून काढतो. सहा महिन्यांनी आढावा बैठकीत कमी गुणांचा कागद समोर येतो, तेव्हा तो अधिकारी दुसऱ्या विभागात गेलेला असतो.

उत्तर आलं ते

मंगळवारी अधिकाऱ्याचा फोन आला. प्लॅनिंगने रोज २५ ऐवजी काही दिवस ३० पंप लावायचं ठरवलं होतं. त्या हिशेबाने २५० नग १ सप्टेंबरलाच संपायला येतात, आणि त्याच दिवशी येणाऱ्या ट्रकवर लाईन टांगणीला ठेवायला ते तयार नव्हते. त्यांना सगळेच्या सगळे १५० नग २६ तारखेला हवे होते.

अशा वेळी फोनवरच ‘बघतो, करून टाकू’ म्हणणं म्हणजे आधीचं सगळं पाण्यात. मालकाने अर्ध्या तासाने फोन करतो असं सांगितलं आणि पुन्हा तोच कागद पुढे घेतला. २२ पर्यंत मशीनिंग झालेले नग दोन दिवस टेस्टिंग होऊन २५ च्या रात्री निघू शकतात. तोपर्यंत एकूण चांगले नग हिशेबाने ३७८. त्यातले २५० गेलेले, म्हणजे ५० आणखी द्यायला भरपूर जागा आहे. १५० द्यायला मात्र नाही.

“साहेब, सव्वीसला ५० देतो. मग तुमच्याकडे ३०० होतात, रोज तीसने लावले तरी दोन तारखेच्या पुढे जातात. बाकीचे शंभर एक तारखेला, त्यात बदल नाही. पन्नासचं जादा भाडं आमच्याकडे.”

“सव्वीसला सगळे होत नाहीत का?”

“हो म्हणालो तर सत्तावीसला पुन्हा फोन करावा लागेल.”

पार्ट लोडचं भाडं सोसणं ही इथली योग्य सवलत आहे. ग्राहकाच्या नेमक्या भीतीवर ती खर्च होते आणि वेळापत्रकातली सवड शाबूत राहते. दर कमी करून देणं हा उलट मार्ग. दर एकदा खाली आला की पुढच्या ऑर्डरलाही तोच धरतात, आणि लाईनची काळजी तशीच राहते.

दुरुस्त पीओ १२ तारखेच्या संध्याकाळी आला. तीन ओळी, तीन तारखा, आणि खाली एक वाक्य: विलंब दंड मूळ तारखेनुसार लागू राहील. असं वाक्य येतंच. दंडाची अट नेहमीची होती, उशिरा आलेल्या मालाच्या किमतीवर दर आठवड्याला किंवा त्याच्या भागाला अर्धा टक्का, कमाल पाच टक्के. हा दंड किती बसेल ते पत्र लिहिण्याआधीच काढून ठेवलं तर बोलताना आवाजात उगाच कापरं येत नाही.

१४ तारखेचा आकडा ठरल्याप्रमाणे कळवला. २५० नग २१ ला सकाळी गेटवर होते. २२ ला व्हीएमसीचा टूल चेंजर अडला आणि दीड दिवस गेला. हे ग्राहकाला कळवावं का? तारखेला धक्का लागत नसेल तर नाही. प्रत्येक खडखडाट कळवला की खरी सूचनाही त्यातच हरवते. सवड तेवढ्यासाठीच ठेवलेली होती. ५० नग २६ ला पोचले, २५ तारखेच्या निरोपात शेवटच्या शंभरापैकी किती तयार आहेत ते गेलं, आणि ते शंभर २९ च्या रात्री निघून रविवारी, ३० तारखेला उतरले.

दंडाचा डेबिट नोट पुढच्या महिन्यात आला. ५० नगांवर अर्धा टक्का म्हणजे ७०० रुपये, १०० नगांवर एक टक्का म्हणजे २,८०० रुपये, एकूण साडेतीन हजार, ऑर्डर ११ लाख २० हजारांची. जादा ट्रकचं भाडं वेगळं. मालकाने नोट वाद न घालता स्वीकारली. त्यासोबत क्वालिटी विभागाचं पत्र होतं, त्यात पुढच्या ऑर्डरपासून कंट्रोल प्लॅनमध्ये कोअरच्या साठवणीची नोंद मागितली होती: कोअर केल्याची तारीख, ओव्हनमधून काढल्याची वेळ आणि वापरल्याची वेळ. रॅकवर तारखेची पाटी लावायचं काम शिरोलीत १९ ऑगस्टलाच झालेलं होतं, त्यामुळे उत्तरात फक्त त्याचा फोटो जोडायचा राहिला होता.